कलमातले शब्द बदलणं मुद्रितशोधनात बसतं का? (ग्राहकाला पाठवलेलं उत्तर सोबत)

काना_मात्रा

गेली अकरा वर्षं मी मुद्रितशोधनाची कामं घेते. कथासंग्रह, दिवाळी अंक, अधूनमधून शाळेची पुस्तकं. गेल्या आठवड्यात एका छोट्या प्रकाशकांनी पुस्तकाऐवजी चार पानी करारनामा पाठवला. दोन निवृत्त शिक्षिकांनी मिळून एक पुस्तक लिहिलंय, त्याचा लेखक-प्रकाशक करार. पुस्तकाचं मुद्रितशोधनही मीच केलं होतं, म्हणून "हेही नजरेखालून घाला" म्हणाले. मी घातलं. पहिलं वाचन पाठवल्यावर त्यांचा फोन आला, की दोन कलमांतलं वाक्य जरा बदलून द्या, तुम्हाला शब्द चांगले सुचतात.

मी नाही म्हटलं आणि कारण लिहून पाठवलं. ते रागावलेत. दोन-तीन जणांचं मत हवंय म्हणून मेल जशीच्या तशी देते, फक्त नावं काढली आहेत.

> सप्रेम नमस्कार.
>
> कराराचं दुसरं वाचन पूर्ण झालं. ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षरं, विरामचिन्हं आणि कलमांचे क्रमांक यांच्या दुरुस्त्या ट्रॅक चेंजेस चालू ठेवून केल्या आहेत. तीन ठिकाणी मी काही बदललेलं नाही, समासात फक्त प्रश्न लिहिला आहे. उदाहरणार्थ, कलम ६ मध्ये 'कलम १२ प्रमाणे' असा उल्लेख आहे, पण करार अकराव्या कलमावर संपतो. तिथे कोणतं कलम अभिप्रेत आहे हे तुम्हीच सांगू शकाल.
>
> काल फोनवर सांगितलेले दोन बदल मात्र मी केलेले नाहीत.
>
> कलम ५ मध्ये सध्या असं आहे: 'विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीच्या छापील किमतीच्या १० टक्के इतके मानधन प्रकाशक लेखकास देईल.' इथे 'छापील किमतीच्या' काढून 'विक्रीतून प्रत्यक्ष मिळालेल्या रकमेच्या' घातलं की वाक्य स्पष्ट होईल, असं तुम्ही म्हणालात. आहे ते वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे आणि त्याचा अर्थही एकच निघतो. पुस्तकाची किंमत ३०० रुपये धरली तर या वाक्याप्रमाणे प्रतीमागे ३० रुपये होतात. तीच प्रत तुम्ही वितरकाला ४० टक्के सवलतीने दिली तर तुमच्या हाती १८० रुपये येतात, आणि नव्या वाक्याप्रमाणे मानधन १८ रुपये होतं. हजार प्रतींची आवृत्ती अशीच संपली तर १२,००० रुपयांचा फरक पडतो. इतका फरक पाडणारी दुरुस्ती भाषेची राहत नाही, ती व्यवहाराची होते.
>
> कलम २ मध्ये 'प्रकाशनाचे हक्क प्रकाशकास देत आहे' याच्या आधी 'कायमस्वरूपी' हा शब्द टाइप करताना गळला, तो भरा, असं तुम्ही म्हणालात. गळलेला शब्द भरणं हे माझंच काम आहे, पण तो गळला हे मला मूळ प्रतीवरून कळतं. तुमचा पहिला मसुदा आणि लेखिकांनी पानोपानी सह्या करून परत पाठवलेली प्रत, दोन्ही माझ्याकडे आहेत. दोन्हींत हा शब्द नाही. जो शब्द मूळ प्रतीतच नाही, तो मी घातला तर ते नवं लेखन होईल.
>
> माझी मुख्य अडचण पुढेच आहे. ही फाइल तुम्ही लेखिकांना 'मुद्रितशोधन होऊन आलेली प्रत' म्हणून पाठवणार. ते वाचून त्या समजतील की वेलांट्या-उकार सुधारलेत, ठरलं होतं ते तसंच आहे. त्या कदाचित पुन्हा ओळ न ओळ वाचणार नाहीत, आणि माझ्या कामावर विसंबून त्यांनी तसं केलं तर ती त्यांची चूक नसेल. कथेचं वाक्य मी सुचवून बदललं तर ते मान्य करायला एक लेखक समोर असतो. कराराचा मजकूर दोन बाजूंचा आहे आणि मला त्यातल्या एकाच बाजूने काम दिलं आहे.
>
> हे बदल तुम्हाला हवे असतील तर ते सुचवण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आधी लेखिकांशी बोला, शब्द वकिलांकडून लिहून घ्या आणि नवी प्रत मला पाठवा. ती दोन कलमं मी वेगळे पैसे न घेता पुन्हा वाचून देईन.
>
> कळावे.

यावर त्यांचं म्हणणं: "कादंबरीत तुम्ही अख्खी वाक्यं फिरवता, इथे दोन शब्दांनी काय बिघडतं?" आणि दुसरं, ज्यावर मी खरंच अडले आहे. कराराच्या सुरुवातीला दोघींची नावं देऊन 'यापुढे दोघींचा एकत्रित उल्लेख लेखक असा' म्हटलंय. पण कलम ७ मध्ये 'अनुवादाचे हक्क देताना लेखकाची लेखी संमती घेतली जाईल' असं आहे. 'लेखकाची' की 'लेखकांची'? मी तिथेही फक्त प्रश्न ठेवला. ते म्हणतात, अनुस्वार देणं तरी तुमचं काम आहे ना?

---

निवांत_दुपार

ताई, तुम्ही संपादनाचा दर सांगायला हवा होता. मुद्रितशोधनाच्या पैशांत संपादन मागणारे खूप भेटतात, मलाही भेटलेत. दर दुप्पट सांगा आणि करून टाका. लोक फुकटात मागतात हा खरा प्रश्न आहे.

काना_मात्रा

@निवांत_दुपार, पैशांचं त्यांनी काही म्हटलं नाही हो, उलट "वाढवून देतो" म्हणाले. दुप्पट दिले तरी हे मला करायचं नाही. दुसऱ्या बाजूला न कळता हा बदल माझ्या हातून जाईल, हा माझा प्रश्न आहे.

---

खिळेजुळारी

मी बत्तीस वर्षं छापखान्यात होतो, आधी जुळारी, मग प्रुफं वाचायला. तुमचं उत्तर योग्य आहे. आमच्याकडची एक रीत सांगतो, तिच्यातून ही हद्द नीट दिसते.

आमच्या छापखान्यात प्रुफावर दोन प्रकारच्या खुणा करायचो. शाईची खूण म्हणजे 'हे दुरुस्त कर', ती जुळाऱ्यासाठी. पेन्सिलीची खूण म्हणजे 'हे असंच आहे का?', ती लेखकासाठी. जुळाऱ्याला ताकीद होती की पेन्सिलीला हात लावायचा नाही. लेखकाने पेन्सिलीच्या प्रश्नावर शाईने उत्तर लिहिलं की मगच खिळा हलायचा. शाईची दुरुस्ती कोणती? जिचं उत्तर मूळ हस्तलिखितात किंवा शुद्धलेखनाच्या नियमात सापडतं ती. दोन्हीकडे सापडत नसेल तर पेन्सिल.

आता तुमची तीन प्रकरणं याच मापाने बघा. 'छापील किमतीच्या': हस्तलिखितात तसंच आहे, नियमाने शुद्ध आहे. तिथे पेन्सिलसुद्धा लागत नाही. 'कायमस्वरूपी': हस्तलिखितात नाही, नियमाचा संबंध नाही. कलम १२ चा उल्लेख: चूक आहे हे उघड, पण बरोबर काय ते माहीत नाही, म्हणून पेन्सिल. तुम्ही नेमकं तेच केलंत.

लग्नपत्रिकेवरही आम्ही हे पाळायचो. वार आणि तारीख जुळत नसेल तर स्वतः पंचांग बघून वार बदलायचा नाही, पार्टीला विचारायचं. वार बरोबर असेल आणि तारीखच चुकली असेल, तर तुम्ही चुकीच्या तारखेला बरोबर वार लावून बसाल. मग ती चूक पुढे कुणाच्या नजरेलाही येत नाही, कारण आता सगळं जुळतंय.

---

गोदाकाठचा_वकील

खिळेजुळारी काकांचं शेवटचं वाक्य करारालाही लागू आहे. ग्राहकाला 'कायमस्वरूपी' हा शब्द इतका का हवा आहे तेवढं सांगतो, म्हणजे दोन शब्दांनी काय बिघडतं ते कळेल.

शुद्ध_तूप

त्यात सांगण्यासारखं काय आहे? मुदत लिहिली नसेल तर असा करारच रद्दबातल असतो. कॉपीराइट कायद्यात स्पष्ट आहे. ताईंनी शब्द घातला असता तर उलट दोघींचं भलंच झालं असतं, नाहीतर तो कागद कचऱ्याच्या लायकीचा.

गोदाकाठचा_वकील

@शुद्ध_तूप, अर्धं बरोबर. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क देताना लेखी करार हवा, त्यात कोणते हक्क, किती मुदतीसाठी आणि कोणत्या प्रदेशासाठी हे लिहिलेलं असावं, हे खरं. पण मुदत लिहायची राहिली म्हणून करार रद्द होत नाही. ती रिकामी जागा कायदाच भरतो: हस्तांतरणाच्या तारखेपासून पाच वर्षं. प्रदेश लिहिला नसेल तर भारत. करार हस्तांतरणाचा नसून परवान्याचा असला, तरी कलम ३०-अ मुळे हीच तरतूद लागते.

म्हणजे आजच्या मजकुरात पाच वर्षांनी हक्क दोघींकडे परत येतात. 'कायमस्वरूपी' घातलं तर प्रकाशक तो हक्क कॉपीराइट संपेपर्यंत सांगू शकतो. आणि दोघींनी मिळून लिहिलेलं संयुक्त पुस्तक असेल, तर कॉपीराइट दोघींपैकी जी नंतर जाईल तिच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं चालतो. एका बाजूला पाच वर्षं, दुसऱ्या बाजूला नातवंडांचं म्हातारपण. आणि हा बदल फाइलमध्ये जाणार होता 'गळलेला शब्द भरला' या नावाखाली.

दुसरं, समजा ताईंनी तो घातला आणि पुढे वाद झाला, तर पहिला प्रश्न हाच येईल की सह्या झालेल्या मसुद्यात नसलेला शब्द अंतिम प्रतीत कुणी घातला. तेव्हा "प्रुफं बघणाऱ्या बाईंनी" हे उत्तर फार सोयीचं असतं.

शुद्ध_तूप

पाच वर्षांचं माहीत नव्हतं. दुरुस्ती मान्य.

---

पहिली_आवृत्ती

माझंच उदाहरण देतो. माझ्या कवितासंग्रहाच्या करारात 'पहिल्या आवृत्तीच्या प्रकाशनाचा हक्क' असं होतं आणि मानधन एकरकमी. माझी समजूत अशी की हजार प्रती संपल्या की पुन्हा बोलणी होतील. संग्रह दोन पुरस्कारांमुळे चालला. प्रकाशकांनी तीनदा छापला आणि प्रत्येक वेळी आत लिहिलं 'पहिली आवृत्ती, पुनर्मुद्रण'. मजकूर बदलला नाही म्हणजे आवृत्ती तीच, हे त्यांचं म्हणणं. मला पुढच्या छपायांचं काहीच मिळालं नाही. हा करार ज्यांनी वाचला होता त्या मुद्रितशोधकांनी तिथे 'आवृत्ती म्हणजे किती प्रती?' एवढं लिहिलं असतं तरी मी जागा झालो असतो. मग नुसतं 'माझं काम नाही' म्हणून बाजूला होणं कितपत बरोबर?

खिळेजुळारी

तुमचं दुःख समजतं. पण त्यांना 'आवृत्ती' हा शब्द चुकलेला दिसला नसणार, कारण तो चुकलेला नव्हताच. एकाच करारात एके ठिकाणी 'आवृत्ती' आणि दुसरीकडे 'मुद्रण' असतं तर पेन्सिलीने विचारणं त्यांचं काम होतं. सगळीकडे एकच शब्द असेल तर मुद्रितशोधक थांबत नाही. शब्दाची व्याप्ती पुरेशी आहे का, हे वकील बघतो.

पहिली_आवृत्ती

आणि वकील परवडत नसेल तर? कवितासंग्रहाच्या कराराला कोण वकील लावतो?

गोदाकाठचा_वकील

लावत नाही कुणी, खरं आहे. निदान 'आवृत्ती' असेल तिथे प्रतींची संख्या लिहून मागा. तेवढ्याला वकील लागत नाही.

---

वेलांटी_दुसरी

मीही मुद्रितशोधनच करते. कलम ५ आणि २ बद्दल काही बोलायचं नाही, ताईंचं बरोबर. पण कलम ७ मध्ये मी अनुस्वार दिला असता. अनेकवचनी सामान्यरूपाला प्रत्यय लागला की अनुस्वार, हा लेखननियम आहे. करारातच 'लेखक' म्हणजे दोघी असं सांगितलंय. म्हणजे शब्द अनेकवचनी, म्हणून 'लेखकांची'. काकांच्याच मापाने बघा: उत्तर मूळ प्रतीतही सापडतं आणि नियमातही. मग शाई.

काना_मात्रा

मीही आधी असाच विचार केला होता. मग बाकीची कलमं पाहिली. कलम ५ मध्ये 'लेखकास देईल', कलम ९ मध्ये 'लेखकाने मुदतीत प्रुफे तपासून द्यावीत', कलम २ मध्ये क्रियापद 'देत आहे'. सगळीकडे एकवचन. म्हणजे मसुदा लिहिणाऱ्याने 'लेखक' हा दोघींचा मिळून एक पक्ष धरलेला असू शकतो. मग एकट्या कलम ७ मध्ये अनुस्वार दिला तर वाचणारा विचारेल, इथेच का?

वेलांटी_दुसरी

मग सगळीकडे द्या. लेखकांना, लेखकांनी, देत आहेत.

काना_मात्रा

कलम ५ मध्ये 'लेखकांना १० टक्के' केलं तर दोघींना मिळून दहा की प्रत्येकीला दहा, हा नवा वाद मीच तयार करेन. आज तो नाही.

गोदाकाठचा_वकील

हा मुद्दा मोलाचा आहे. आणि 'लेखकांची संमती' लिहूनही सगळं सुटत नाही. मराठीत आदरार्थी बहुवचन आहे, 'लेखकांची' हे एका लेखकाबद्दलही आदराने म्हणतातच. दोघींचीही सही हवी असेल तर 'दोन्ही लेखकांची' असं लिहावं लागेल, आणि 'दोन्ही' हा शब्द घालणं अनुस्वारापेक्षा मोठं काम आहे.

एकवचनात अनेकवचन धरायचं असतं असं काही जण सांगतील. ते १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमधलं आहे आणि केंद्रीय कायदे वाचण्यासाठी आहे. खासगी करारात तसं हवं असेल तर करारातच लिहावं लागतं.

वेलांटी_दुसरी

पण सर, मग आम्ही अनुस्वार कुठे द्यायचा आणि कुठे विचारायचा? कादंबरीत शेकडो ठिकाणी देतो. प्रत्येक ठिकाणी विचारत बसलो तर काम संपायचं नाही. करारातसुद्धा 'सहा महिन्यात' असेल तर मी 'सहा महिन्यांत' करते आणि कुणाला विचारत नाही.

खिळेजुळारी

'सहा महिन्यांत' मध्ये 'सहा' हा शब्दच सांगतो की अनेकवचन आहे. अनुस्वार दिला काय, नाही दिला काय, महिने सहाच राहतात. 'लेखकाची' मध्ये अनुस्वारावर माणसं मोजली जातायत. मी तिथे पेन्सिल वापरली असती. पण तुमचा व्याख्येचा मुद्दा मला खोडून काढता येत नाही, हेही कबूल करतो.

वेलांटी_दुसरी

मी अजूनही शाईच्या बाजूने आहे. व्याख्या दिली की ती पाळायची.

---

निवांत_दुपार

मघाशी माझा प्रश्न समजण्यात घोळ झाला, माफ करा. एक विचारतो. ताई, त्या शिक्षिकांशी तुमची ओळख आहे का? पुस्तकाची प्रुफं तुम्हीच बघितलीत ना? मग त्यांना सरळ फोन करून सांगा की प्रकाशक असं करायला बघतायत.

काना_मात्रा

ओळख आहे. मोठ्या बाई तर प्रत्येक प्रुफाबरोबर चिठ्ठी पाठवायच्या. फोन हातात घेऊन दोनदा ठेवला. मला काम प्रकाशकांनी दिलंय, त्यांचा कागद मी परस्पर दुसऱ्याला सांगावा का? आणि अजून तरी त्यांनी काही केलेलं नाही, विचारलंय फक्त.

गोदाकाठचा_वकील

फोन करू नका. तुम्ही हवं ते मेलमध्ये लेखी दिलंत, तेवढं आत्ता पुरे. फक्त फाइल पाठवताना एक करा. ट्रॅक चेंजेस स्वीकारून स्वच्छ प्रत पाठवू नका, खुणांसकट पाठवा. आणि सह्या झालेल्या मसुद्याची वर्ड फाइल असेल तर वर्डमधल्या Review खाली Compare आहे, त्यात जुनी आणि तुमची फाइल टाकून जो फरक दिसतो त्याची पीडीएफ काढून ठेवा. तुमच्या हातून काय बदललं आणि काय नाही, याचा तो पुरावा. नंतर दुसऱ्या कुणी त्यात शब्द घातला तर तो तुमच्या पीडीएफमध्ये नसेल.

पहिली_आवृत्ती

वकीलसाहेब, तुमच्या दृष्टीने पुरे असेल. पण त्या दोघींच्या हाती ती पीडीएफ पडणार नाही. मी असतो तर फोन केला असता. माझ्या वेळी कुणी केला नाही.

खिळेजुळारी

यावर मी काही बोलत नाही. मला दोन्ही पटतं.

---

काना_मात्रा

सगळ्यांचे आभार. आज सकाळी झालं ते सांगते.

फाइल खुणांसकट पाठवली, Compare ची पीडीएफही काढून ठेवली. मेलमध्ये एक ओळ वाढवली: 'या प्रतीत मी फक्त शुद्धलेखन, विरामचिन्हे व क्रमांक यांच्या दुरुस्त्या केल्या असून कोणत्याही कलमाचा आशय बदललेला नाही. लेखिकांना प्रत पाठवताना ही ओळ सोबत जावी ही विनंती.' यापुढे कराराचं काम आलं तर ही ओळ आधीच सांगून घेणार आहे.

दुपारी प्रकाशकांचा फोन आला. आवाज उतरलेला होता. कलम ५ तसंच ठेवतो म्हणाले, कारण आकडा बघून त्यांनाच वाटलं की हे विचारल्याशिवाय करता येणार नाही. कागदाचे भाव आणि वितरकांची सवलत यात त्यांचं गणित बसत नाही, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. ती अडचण खोटी नाही, फक्त ती लेखिकांसमोर मांडायला हवी. कलम २ मध्ये मुदत घालायची आहे, पण किती ते दोघींशी बोलून ठरवतील. नवा मसुदा आला की वाचेन.

कलम ७ मधला प्रश्न त्यांनी तसाच ठेवून फाइल पुढे पाठवली आहे. समासात माझं वाक्य आहे: 'लेखकाची की दोन्ही लेखकांची? कृपया उभय पक्षांनी ठरवावे.' मोठ्या बाई प्रत्येक टिपेला उत्तर लिहितात, तेव्हा तिथेही लिहितील.